कथेतल्या ढगाला गडगडायला लावू नका

‘माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी राहतो. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तो कानांवर हात घेऊन रडतो आणि आभाळ भरून आले की रात्री झोपायलाच तयार होत नाही. त्याच्यासाठी मी झोपताना सांगायची एक गोष्ट रचली. पिंजू नावाचा छोटा ढग गडगडाटाला घाबरतो, मोठे ढग त्याला हसतात आणि शेवटी पिंजू धीर करून सगळ्यांपेक्षा मोठ्याने गडगडतो. ती ऐकून मुलगा रडू लागला. “आता पिंजूपण मला घाबरवणार का?” असे त्याने विचारले. सासूबाई म्हणतात, गोष्ट कशाला हवी, आभाळात म्हातारी हरभरे भरडते एवढेच सांग. त्याचे बाबा म्हणतात, ढगांची टक्कर होते आणि आवाज येतो, हे शास्त्र सरळ सांगून टाक. मी गोष्ट सोडून द्यावी की बदलावी? त्याची भीती घालवायला काय सांगावे?’

— एक आई

गोष्ट सोडून देऊ नका. तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नातच ती कुठे बिघडली याचे उत्तर आहे, आणि ते त्याने फार नेमकेपणाने दिले आहे. गोष्टीच्या सुरुवातीपासून पिंजू त्याच्या बाजूचा होता; जगात आपल्यासारखाच घाबरणारा आणखी कोणी आहे, एवढा मोठा दिलासा त्याला मिळाला होता. शेवटच्या प्रसंगात तो सोबती उठून ज्याची भीती वाटते त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिला, आणि नेमका त्याच क्षणी तुम्ही दिवा मालवला. मोठ्या माणसाला या शेवटात पराक्रम दिसतो. पण या वयाची मुले ढग, वारा, चंद्र यांना खरोखर जिवंत समजतात. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांशी बोलून हे सविस्तर नोंदवले आहे. त्यामुळे पिंजू हे त्याच्यासाठी कशाचे प्रतीक नव्हते. तो खरोखरीचा ढग होता आणि तो खरोखरच ओरडायला लागला.

दुसरी अडचण गोष्टीच्या चढणीची आहे. दिवसा सांगायची गोष्ट चढत चढत शेवटाला शिखरावर गेली तरी चालते, कारण ऐकून झाल्यावर मूल उठून अंगणात पळते आणि साठलेली उत्सुकता बाहेर पडते. झोपताना सांगायच्या गोष्टीला ती मुभा नसते. सर्वांत मोठा आवाज शेवटी आला, तर मूल ताठरलेल्या अंगाने आणि टक्क उघड्या डोळ्यांनी अंधारात पडून राहते. अशा गोष्टीत मोठा आवाज पहिल्या एक-तृतीयांश भागातच येऊन गेला पाहिजे आणि उरलेली सगळी गोष्ट उतरणीची हवी. आवाज लहान होत जावेत, वाक्ये लांब आणि संथ होत जावीत, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत नवे काहीही घडू नये.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. भीती घालवलीच पाहिजे, हे गृहीत धरल्यामुळे गोष्टीत हसणारे ढग आले आणि पिंजूला धीट व्हावे लागले. मुलाने ते हसू स्वतःसाठीच आहे असे ऐकले असणार. शिवाय ही भीती पूर्णपणे निराधार नाही. घरात बसलेल्याला गडगडाटाचा आवाज काही करत नाही, पण वीज खरोखर धोक्याची असते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळवात आणि पुन्हा परतीच्या पावसात शेतात किंवा झाडाखाली थांबलेली माणसे आणि गुरे विजेने दगावतात. म्हणून गोष्टीने वीज ही मैत्रीण आहे, तिला भेटायला बाहेर जाऊ या, असे कधीही सांगू नये. ‘घाबरायचे नाही’ हे शिकवण्यापेक्षा ‘भीती वाटत असताना काय करायचे’ हे गोष्टीत दाखवणे मला अधिक खरे वाटते आणि मुलाच्या अधिक उपयोगाचेही. घाबरलेल्या पिंजूला शेवटपर्यंत थोडे घाबरलेले राहू द्या. फक्त त्याच्या हाताला काहीतरी काम द्या.

ते काम कोणते, हे शोधताना तुमच्या घरातली दोन्ही मते कामी येतात. मुलाच्या बाबांचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी सांगितलेले शास्त्र बरोबर नाही. ढगावर ढग आपटून आवाज होत नाही. ढग म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे आणि बर्फाचे बारीक कण, त्यांची टक्कर वाजणार कशी? खरी हकिगत अशी आहे की वादळी ढग १० ते १५ किलोमीटर उंच वाढतो. त्याच्या पोटात बर्फाचे हलके कण वर जातात, जड गारा खाली येतात आणि एकमेकांवर आपटता-घासताना त्यांच्यावर विद्युतभार साठतो. तो साठा फार वाढला की ठिणगी पडते, तीच वीज. तिच्या वाटेवरची हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि एकदम फुगते. त्या फुगण्याचा दणका म्हणजे गडगडाट. सासूबाईंची जाते फिरवणारी म्हातारी या हकिगतीच्या जास्त जवळची आहे, कारण आत खरोखरच कणाला कण घासले जात असतात. तिचा त्याहून मोठा गुण असा की ती कोणावर रागावलेली नाही. ती आपले काम करते आहे. ‘देवबाप्पा रागावला’ किंवा ‘ढग भांडतायत’ असे ऐकलेल्या मुलाला प्रत्येक गडगडाटात आपला अपराध शोधावासा वाटतो. भरडणाऱ्या म्हातारीच्या आवाजात तो शोधायची गरज पडत नाही. तुमच्या मुलाने जाते पाहिले नसेल तर एकदा दाखवा, किंवा दोन खडबडीत दगडांमध्ये चमचाभर हरभरे ठेवून आवाज ऐकवा. हे काम सासूबाईंनाच करू द्या, त्यांच्या हाताला ते बरोबर जमेल.

बाबांच्या शास्त्रातला एक भाग मात्र गोष्टीचा कणाच होऊ शकतो. वीज आणि गडगडाट एकाच क्षणी होतात, पण उजेड तत्काळ दिसतो आणि आवाज मागून चालत येतो. त्याला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. म्हणजे उजेड दिसल्यापासून सेकंदाला एक असे ६ अंक मोजले आणि मग आवाज आला, तर वीज सुमारे २ किलोमीटरवर होती. वादळ दूर जाऊ लागले की मोजायचे अंक वाढत जातात आणि आवाजाचा पोतही बदलतो. जवळची वीज ‘कडाड्’ अशी एकदम तडकते. लांबच्या विजेच्या निरनिराळ्या भागांचा आवाज थोड्या थोड्या वेळाने पोहोचतो, म्हणून तो ‘गुडगुड’ असा लोळत येतो. फार लांबच्या विजेचा नुसता उजेड दिसतो आणि आवाज वाटेतच विरतो. दूर जाणारे वादळ स्वतःच झोपेच्या गोष्टीच्या आकाराचे असते: सुरुवातीला एक मोठा आवाज, मग लांबत जाणारी मोजणी आणि शेवटी नुसते मोजणेच उरलेले. तुम्हाला वेगळी रचना शोधावी लागत नाही.

शेवटाचा एक प्रश्न उरतो, आणि ढगाच्या बहुतेक गोष्टी इथे नकळत अडखळतात. छोटा ढग बरसला की संपला, असा शेवट आपण सहज करतो: ‘पिंजूने सगळे पाणी दिले आणि शेते हिरवी झाली.’ पाच वर्षांचे मूल त्यावर ‘मग पिंजू कुठे गेला?’ असे विचारते, आणि रात्री नऊ वाजता त्या प्रश्नाला चांगले उत्तर नसते. म्हणून पिंजूला बरसवू नका. त्याला खाली उतरवून झोपवा. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच असतो. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीला अंगावरून धुके जाते तेव्हा आपण ढगाच्या आतच उभे असतो, आणि तुमच्या मुलाने घाटात हे कधीतरी पाहिलेही असेल. ढगाचे अंथरूण दरीत असते, ही कल्पना त्याला सहज पटेल.

हे सगळे धरून मी गोष्ट अशी सांगेन. मुख्य पात्रे दोनच ठेवली आहेत, पिंजू आणि डोंगरआजोबा. मेघाआजी लांबून ऐकू येते.

‘एक होता ढग. छोटासा, पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा. त्याचं नाव पिंजू. पिंजू रोज दुपारी डोंगरआजोबांच्या खांद्यावर येऊन बसायचा आणि खालची मेंढरं मोजायचा.

एके दिवशी खूप उकडत होतं. पलीकडे मेघाआजी उठली. उंच उंच, काळी काळी. तिनं जातं मांडलं, त्यात गारा घातल्या आणि ती भरडायला बसली. मेंढरंवाल्या काकांनी आभाळाकडे पाहिलं. म्हणाले, “चला रे, घरी चला.” सगळी मेंढरं वाड्यात गेली, काका घरात गेले आणि दार लावून घेतलं.

मग आभाळात लख्ख उजेड झाला. डोंगरआजोबा म्हणाले, “पिंजू, मोजू या. एक, दोन, तीन.”

कडाड्!

पिंजू आजोबांना घट्ट बिलगला. “आजोबा, मला भीती वाटली.”

“हो रे बाळा, मोठाच आवाज होता. मी इथे आहे.”

पुन्हा लख्ख उजेड झाला. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.” गडगडगड. पिंजू बिलगलेलाच होता, पण आजोबांबरोबर तोही मोजत होता.

पुन्हा उजेड झाला, जरा कमी. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा.” गुडगुड, गुडगुड.

“आजोबा, आजी लांब गेली?”

“हो. आता ती पलीकडच्या गावाला दळते आहे.”

मग गार वारा सुटला. मातीचा वास आला. पिंजूचे डोळे जड झाले. तो आजोबांच्या खांद्यावरून हळूच घसरला, झाडांमधून खाली आला, करवंदीच्या जाळ्यांवरून खाली आला, आणि दरीत नदीच्या कडेला जाऊन पसरला. गोधडीसारखा. त्याच्या खाली मेंढरं झोपली. काका झोपले. काकांचं घर झोपलं.

खूप खूप लांब, डोंगराच्या मागे, थोडासा उजेड झाला. आजोबा हळूच मोजायला लागले. एक... दोन... तीन... चार... पाच...’

इथेच थांबायचे. आवाज आला की नाही हे सांगायचे नाही. शेवटची मोजणी तुमच्या श्वासाच्या गतीने, प्रत्येक आकड्यानंतर थोडे थांबून होऊ द्या आणि मूल जागे असेल तर वीसपर्यंत जा. सावकाश सांगितली तर ही गोष्ट पाच-सहा मिनिटे चालते आणि या वयाला तेवढी पुरते. शब्द रोज तेच ठेवा. चौथ्या-पाचव्या रात्री मूल तुमच्या आधी ‘सहा’ म्हणेल, आणि तेव्हा पुढे कोणता आवाज येणार हे त्याला तुमच्याइतकेच माहीत असेल. गडगडाटात त्याला हीच एक गोष्ट कधी मिळत नाही.

‘कडाड्’ हा शब्द किती मोठ्याने म्हणायचा, याचा ताबा त्याच्या हातात द्या. एक स्टीलचे ताट अंथरुणाजवळ घ्या आणि पहिल्या दोन-तीन रात्री तो आवाज त्यालाच काढू द्या. एका बोटाने की सगळ्या हाताने, हे तो ठरवील. माझ्या अनुभवात मुले पहिल्या रात्री फार हळू वाजवतात, मग एकदा फार जोरात वाजवून पाहतात आणि त्यानंतर त्यांना ताटाची गरज राहत नाही. जोरात वाजवायची रात्र आली तर गोष्ट जरा लवकर सुरू करा, म्हणजे उतरणीला पुरेसा वेळ मिळेल.

ही गोष्ट पहिल्यांदा वादळाच्या रात्री सांगू नका. आभाळ कोरडे असताना आठवडाभर सांगा, म्हणजे वादळ येईल तेव्हा ती जुनी ओळखीची असेल. त्या रात्री खिडक्या लावून घ्या, त्याला जवळ घ्या, आणि ‘काही नाही, काही नाही’ म्हणण्याऐवजी आजोबांचेच वाक्य म्हणा: ‘हो, मोठाच आवाज होता. मी इथे आहे.’ मग उजेड दिसला की दोघे मिळून मोजा.

मोजण्याला एक मर्यादा आहे आणि ती तुम्हाला आधीच माहीत असावी. वादळ दूर जात असताना अंक वाढतात, पण ते जवळ येत असताना दहाचे सहा आणि सहाचे तीन होतात, आणि हुशार मुलाच्या हे पटकन लक्षात येते. तेव्हा खोटे मोजून अंक लांबवू नका, ते त्याला कळेल. ‘आजी इकडेच येते आहे, आपण घरात आहोत, दार लावले आहे, आता ती डोक्यावरून पुढे जाईल’ असे सांगा आणि मोजणी थांबवून त्याला पांघरुणात घ्या. गडगडाट सर्वांत मोठा होऊन गेला की पुन्हा मोजायला लागा; तिथून पुढे आकडे तुमच्या बाजूने असतात. दिवसा बाहेर असताना मात्र अंक किती आले याचा विचारच करायचा नाही. गडगडाट ऐकू आला की मेंढरंवाल्या काकांसारखे घरात यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जायचे नाही, हा नियम त्याला गोष्टीतूनच कळू द्या.

बहुतेक मुलांची ही भीती हळूहळू कमी होते, त्यामुळे दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून गोष्ट बदलत बसू नका. पण आभाळ स्वच्छ असतानाही तो दिवसभर ढग शोधत राहिला, बाहेर खेळणे किंवा शाळेत जाणे टाळू लागला आणि असे सहा महिने चालले, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. मिक्सर, कुकरची शिट्टी, लग्नातला ताशा अशा सगळ्याच मोठ्या आवाजांनी तो कान झाकत असेल, तर प्रश्न गडगडाटापुरता नसून आवाजाचा असू शकतो. तेव्हा गोष्टीवर भिस्त न ठेवता आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एखाद्या सकाळी तो विचारेलच की पिंजू आता कुठे आहे. दरीत धुके असेल तर त्याला घेऊन दाराशी उभे राहा. ऊन चढले की जमीन तापते, धुके विरळ होत जाते आणि वर चढणारी ओलसर हवा उंचावर गार झाली की दुपारी डोंगरमाथ्यावर पांढरे ढग धरतात. म्हणून ‘तो उठतो आहे, दुपारी आजोबांच्या खांद्यावर येऊन बसेल’ असे म्हणायला हरकत नाही. धुके नसेल, तर दुपारी जेवताना त्याला डोंगराकडे तोंड करून बसवा आणि कोणता ढग पिंजू आहे हे त्यालाच ठरवू द्या.